खरेदीखतावरचा डाग मी का ठेवला

*"ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे आठ दिवस घालवले. बुरशी गेली, पण वहीवरचा पिवळा डाग आहे तसाच. आमच्याकडे ओल्या फडक्याने पुसून गच्चीवर उन्हात टाकतात, तासाभरात काम होतं. एवढा बाऊ कशाला?"*

भाऊ, बुरशी आणि डाग ही दोन वेगळी दुखणी आहेत. भिजलेल्या कागदांवरच्या माझ्या लेखात हे नीट सांगायचं राहिलं, ती चूक माझी.

बुरशी कागदावर वाढते आणि पूर्ण वाळली की भुकटीसारखी झटकता येते. तुमचा पिवळा डाग म्हणजे पाण्याने ओढलेली रेघ. पाणी कागदात पसरताना आतला मळ पुढे ढकलत नेतं आणि जिथे सुकतं तिथे टाकून देतं. म्हणून डागाची कड सगळ्यात गडद दिसते. ओल्या फडक्याने तेवढाच भाग पुसलात तर नव्या ओलीच्या कडेला नवी रेघ उमटते. बुरशी ओली असेल तर ती कागदाच्या धाग्यांत चोळली जाते, ते वेगळंच.

आमचं अमळनेरकडचं धाब्याचं घर श्रावणात गळलं आणि कोनाड्यातलं आजोबांचं खरेदीखत भिजलं. घड्यांत हिरवट-काळी बुरशी धरली होती. मी ते टीपकागदावर पसरून सावलीत ठेवलं, पंखा भिंतीकडे वळवला, टीपकागद बदलत राहिले. दुसऱ्या दिवशी मऊ ब्रश टेकवला तर बुरशी फासली गेली, म्हणून थांबले. चौथ्या दिवशी भुकटी उडाली. मग मास्क लावून, अंगणात, घडीपासून कडेकडे हलक्या हाताने झटकलं.

डागाला हात लावण्याआधी शिक्क्याच्या कोपऱ्यावर जेमतेम ओला कापूस टेकवून वर टीपकागद दाबला. त्यावर जांभळा रंग उतरला. तिथेच मी डागाचा नाद सोडला. रंग उतरला नसता, तर अख्खा कागद जाळीच्या आधाराने स्वच्छ पाण्यात बुडवून डाग थोडा फिका करता आला असता, कारण सगळाच कागद भिजला की मध्ये कड उरत नाही. पण हे फक्त सुट्या आणि दमदार कागदाला चालतं. शिवलेल्या वहीला नाही, म्हणून तुमचा डाग मी तसाच राहू देईन.

उन्हाचं म्हणाल, तर आपलं ऊन कागद तासाभरात सुकवतं हे खरं. पण एका बाजूने झपाट्याने सुकलेला कागद वाकतो, शाई उडते आणि हलक्या प्रतीचा कागद आणखी पिवळा पडतो.

जुन्या फोटोला मात्र ओलं फडकं कधीच लावू नका. चित्र जिलेटिनच्या पातळ थरात असतं. बुरशी तोच थर खाते, आणि ओल्याने मऊ झाला की फडक्यासोबत चेहराच निघून येतो. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, आधी काचेसकट स्कॅन करून घ्या.

तुमच्या वहीतली शाई बोरूची की पेनची? एका अक्षरावर ती कापसाची परीक्षा करून टीपकागदावर काय उतरलं ते कळवा.