प्रिंटरचा पत्ता प्रिंटरमध्ये नाही, राउटरमध्ये बांधा

«लाइट गेली-आली की प्रिंटर ऑफलाइन दाखवतो? प्रिंटरच्या मेनूत जाऊन 192.168.1.10 असा स्टॅटिक आयपी टाका. राउटरला हात लावायची गरज नाही. रिझर्व्हेशन जुन्या प्रिंटरला चालत नाही.»

दारव्ह्याकडच्या एका गावात माझ्या मावसभावाचं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. असा सल्ला ऐकून त्यानं अगदी हेच केलं, प्रिंटरमध्येच न बदलणारा पत्ता टाकला. आठवडाभर बरं चाललं. मग ऐन पीक विम्याच्या गर्दीत एक प्रिंट निघायची, दुसरी अडकायची. मी त्याला प्रिंटर बंद करायला लावला आणि कॉम्प्युटरवर हे टाकलं:

```
ping 192.168.1.10
```

प्रिंटर बंद असूनही उत्तर आलं! तो पत्ता त्याच्याच मोबाइलकडे गेला होता. त्याचा राउटर 192.168.1.2 पासून 192.168.1.254 पर्यंतचे पत्ते वाटतो, आणि 10 त्यातलाच. प्रिंटरनं तो स्वतःच धरून ठेवलाय, हे राउटरला कोणी सांगितलंच नव्हतं. लाइट गेली की बरेच साधे राउटर आधीचं वाटप विसरतात. प्रिंटर बंद असताना मोबाइल आला, राउटरनं 10 देऊन टाकला.

रिझर्व्हेशन म्हणजे राउटरमध्येच एका उपकरणासाठी एक पत्ता राखून ठेवणं. नोंद राउटरकडेच राहते, म्हणून तो पत्ता दुसऱ्या कोणाला जात नाही. प्रिंटरमधून नेटवर्कचं पान छापून घ्या, त्यावर मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे उपकरणाची स्वतःची ओळख असते: आकडे-अक्षरांच्या सहा जोड्या. वायफायचा आणि केबलचा मॅक वेगळा असतो, वापरता तोच घ्या. राउटरच्या पानावर DHCP Server खाली Address Reservation किंवा तशाच नावाच्या जागी तो मॅक आणि हवा तो पत्ता भरा. प्रिंटरमधला स्टॅटिक काढून DHCP, म्हणजे राउटरकडून पत्ता मागून घेणं, ठेवा आणि प्रिंटर बंद-चालू करा. शेवटी विंडोजमध्ये प्रिंटरच्या Ports मध्ये Standard TCP/IP Port त्याच पत्त्यावर आहे ना ते बघा. ही पायरी राहिली तर कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर प्रिंट धाडत बसतो.

प्रिंटर जुना असला तरी अडत नाही. तो नेहमीसारखाच राउटरला पत्ता मागतो. मॅक ओळखून तोच पत्ता देणं हे राउटरचं काम, प्रिंटरला त्यातलं काहीच ठाऊक नसतं.

राउटर बदलला किंवा रिसेट केला तर नोंद पुन्हा करावी लागते, हे खरं. पण नवा राउटर 192.168.0 चे पत्ते देणारा निघाला, तर स्टॅटिकवाला प्रिंटर नेटवर्कमधून पारच बाहेर पडतो. DHCP वाल्याला निदान कुठला तरी पत्ता मिळतो.

आपल्याकडे एक अडचण मात्र रिझर्व्हेशननंही सुटत नाही. लाइट आली की कधी प्रिंटर आधी जागा होतो आणि राउटरला अजून वेळ असतो. मग प्रिंटर स्वतःच 169.254 नं सुरू होणारा पत्ता घेतो. छापलेल्या पानावर तो दिसला, तर सेटिंगला हात लावू नका. राउटरचे दिवे स्थिर झाले की फक्त प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा.