पंचमीचा गुलाल आणि आमचे हे

रंगपंचमीला खेळायला अख्खी सोसायटी असते, निस्तरायला मी एकटी. यंदा मात्र आमच्या ह्यांना मदतीचा पुळका आला. बाल्कनीत गुलालाचा थर पडला होता. मी केरसुणी घेऊन येईपर्यंत ह्यांनी बादलीभर पाणी ओतलंसुद्धा!

गुलाल म्हणजे बहुतेक वेळा पिठासारखी पांढरी भुकटी आणि तिला चढवलेला रंग. कोरडा लोटला की मुकाट्याने सुपलीत जातो. पाणी लागलं की रंग सुटतो आणि वाट फुटेल तिकडे धावतो. आमची टाइल गुळगुळीत, ती काही रंग पीत नाही. पण मधल्या पांढऱ्या सिमेंटच्या सांधी अधाशासारख्या पितात. पाच मिनिटांत बाल्कनीत गुलाबी सारीपाट मांडला गेला.

हे लगेच संडासाचं ॲसिड घेऊन हजर. मी बाटली हिसकावली. ॲसिड सिमेंट खातं. डाग जातो तो सांधीसकट! शिवाय मागोमाग ब्लीच ओतायचा ह्यांचा बेत होता. ही दोन एकत्र आली की क्लोरीनचा विषारी वायू निघतो. शेवटी खाण्याचा सोडा आणि औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कालवून लेप केला, सांधींवर थापला, पंधरा-वीस मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासला. ब्रश अर्थातच माझ्याच हातात. दुसऱ्या लेपाला गुलाबीचं फिकट झालं, तेवढ्यावर मी समाधान मानलं.

मग कपडे. ते आधी गच्चीत कोरडेच झटकायचे, मग वाहत्या थंड पाण्याखाली धरायचे, पाणी नितळ येईपर्यंत. सगळे एकाच बादलीत भिजवले, तर एकाचा रंग सगळ्यांचा होतो. ह्यांच्या पांढऱ्या सुती कुर्त्यावर एक पिवळा डाग होता. हे साबणाची वडी घेऊन त्यावर तुटून पडले, आणि डाग लालभडक झाला! ह्यांचा चेहरा पांढरा.

सासूबाई आतूनच म्हणाल्या, "अरे, हळद आहे ती. हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, साबणानंही तसंच होणार."

साबण खळबळून काढला, वर लिंबू पिळलं, तशी हळद पुन्हा पिवळी. मग कुर्ता उन्हात टाकला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, त्यामुळे संध्याकाळपर्यंत डाग शोधावा लागला. बाकीच्या गुलाबी ठिपक्यांना मात्र पाण्यात मिसळलेलं ब्लीच लागलं, आणि तेही कुर्ता सुती आणि पांढरा म्हणून. सासूबाईंच्या रेशमी साडीजवळ ती बाटली मी फिरकूही दिली नाही.

मशीन लावण्याआधी सवयीने खिसे तपासले. ह्यांच्या पँटमध्ये गुलालाची अर्धी पुडी!

"राहू दे गं," हे म्हणाले, "खालचे जोशी आज गावाला गेलेत. उद्या येतील."