‘तुळसीहार गळां’ : सहा की सात?

अभंगाच्या मोजणीवर मी लिहिलं होतं, त्यावर एका पालकांनी कळवलंय: «तुम्ही लिहिलंय, मोठ्या अभंगात अक्षरं सहा-सहा-सहा-चार. माझ्या मुलीनं ‘तुळसीहार गळां’ मोजलं तर सात भरली. नववीच्या पोरांना असले कच्चे नियम देण्यापेक्षा लघू-गुरू आणि गण शिकवा.»

मुलीनं बरोबर मोजलंय. पुढचं ‘आवडे निरंतर’सुद्धा सातच भरतं, तेही तिला दाखवा. चूक माझी. तुकोबांच्या या अभंगाचं मी पहिलंच कडवं देऊन थांबलो होतो, आणि ते नेमकं गुळगुळीत आहे:

सुंदर तें ध्यान । उभें विटेवरी ।
कर कटावरी । ठेवूनियां ॥

सहा, सहा, सहा, चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात, विटेवरी-कटावरी. चौथा चरण मोकळा. जोडाक्षर एकच धरायचं, एवढं सांगितलं की वर्गाचं मोजणं सुरू होतं. लघू-गुरूचा इथे उपयोग नाही. ‘कर कटावरी’त लघू किती हे तुकोबांच्या अभंगाला विचारायचं कारण नाही. गण श्लोकांना लागतात, अभंगाला अक्षरसंख्या.

आता सातवं अक्षर. आमच्या खानापूरकडच्या वर्गात मी पोरांना टाळी वाजवत म्हणायला लावतो, एका अक्षराला एक टाळी. बोलताना आपण ‘तुळ्सी’ म्हणतो, ‘आव्डे’ म्हणतो. मधला ‘अ’ गिळला जातो आणि टाळ्या सहाच पडतात. ‘तळपती श्रवणीं’ तसंच, ‘तळ्पती’. गंमत म्हणजे कन्नड घरातून आलेली पोरं ‘तु-ळ-सी’ असं प्रत्येक अक्षर पूर्ण म्हणतात, म्हणून त्यांनाच सात आधी सापडतात.

यमकातही त्यांचा गोंधळ होतो, आणि त्याला कारण आहे. कन्नडच्या तासाला ती षट्पदी, म्हणजे सहा ओळींचा छंद, शिकतात. तिथे प्रास ओळीच्या सुरुवातीला, दुसऱ्या अक्षरावर जुळतो. मग अभंगातही ती ‘सुंदर’चा ‘द’ पुढच्या ओळीत शोधत बसतात. मी फळ्यावर दोन्ही शेजारी लिहितो आणि विचारतो, कान कुठे टवकारायचा? इथे चरणाच्या टोकाला.

पण बोलण्यात ‘अ’ गळतो म्हणून सगळीकडे गाळा, असंही नाही. याच अभंगाचा शेवट बघा: ‘पाहीन श्रीमुख । आवडीनें’. बोलताना आपण ‘आव्डीनें’ म्हणतो, मग तीनच टाळ्या! इथे चारही अक्षरं पूर्ण म्हणावी लागतात, आ-व-डी-नें. एकाच अभंगात ‘आवडे’चा ‘व’ आखडायचा आणि ‘आवडीनें’चा पूर्ण म्हणायचा. म्हणजे नियम जिभेचा नव्हे, साच्याचा. जीभ त्याच्या मागून जाते. आमच्याकडचे भजनी हे कुणी न शिकवता करतात, कारण टाळ चुकलेला लगेच ऐकू येतो.

मुलीला म्हणावं, आता ‘कंठीं कौस्तुभमणि’ मोज. तिथेही सात येतील. कुठलं अक्षर आखडायचं, ते तिनंच शोधावं.