दर मागवले एका मापाने, आले तीन मापांनी

बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या सोसायटीचा सचिव म्हणून मी टाकीसफाई आणि पाइपदुरुस्तीसाठी तीन कंत्राटदारांना एकच पत्र पाठवले, आणि आलेली उत्तरे वाचून माझा संताप अजून उतरलेला नाही. पत्र मोघम नव्हते. जमिनीखालचा संप आम्ही स्वतः टेप लावून मोजला होता: लांबी ५ मीटर, रुंदी ४ मीटर, पाण्याची उंची २ मीटर, म्हणजे ४०,००० लिटर. गच्चीवरून उतरणारी सव्वा इंची लाइन गंजून तीन ठिकाणी झिरपते, तीही मोजून ३६ मीटर लिहिली. तिच्या जागी निळ्या पट्ट्याचा बी क्लास जीआय पाइप घालायचा, दर मीटरमागे द्यायचा, त्यात एल्बो, सॉकेट, क्लॅम्प, परांची आणि फोडलेल्या भिंतीचे प्लास्टर धरायचे आणि जीएसटी वेगळ्या रकान्यात दाखवायचा, हे सगळे मराठीत आणि कन्नडमध्येही लिहिले, कारण समजले नाही असे म्हणायला कोणालाच जागा ठेवायची नव्हती. जागा पाहायला तिघांनाही एकाच रविवारी बोलावले.

एक जण फिरकलाच नाही. त्याने घरी बसून संप २५,००० लिटरचा धरला आणि सफाई व पाइप मिळून एकच उक्ती रक्कम लिहून पाठवली. पाइप कोणता, तर ‘चांगल्या प्रतीचा’! जीआय की सीपीव्हीसी, याचा पत्ता नाही. ही लाइन पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर उन्हात असते. तिथे प्लास्टिकचा पाइप उघडा ठेवला तर काही वर्षांत कडक होऊन तडकतो, म्हणून तर आम्ही जीआय लिहिले होते.

उरलेल्या दोघांनी केले ते त्याहून चीड आणणारे. एकाने पाइपचा दर १९० रुपये लिहिला, दुसऱ्याने ५२०. समितीतील दोघे लगेच म्हणाले, १९० वाल्याला द्या. बारकाईने पाहिले तर पहिला दर फुटाचा आणि दुसरा मीटरचा. ३६ मीटर म्हणजे ११८ फूट. १९० ने गुणले की २२,४२० रुपये होतात. ५२० ने ३६ मीटरचे १८,७२० होतात. म्हणजे स्वस्त वाटणारा महाग निघाला. पण तेवढ्यानेही भागत नाही, कारण पहिल्याने जीएसटी दरातच धरला आहे आणि दुसऱ्याने खाली बारीक अक्षरात ‘१८ टक्के वेगळा’ असे लिहिले आहे. तो मिळवला की १८,७२० चे २२,०९० होतात आणि फरक उरतो ३३० रुपयांचा. त्यातही दुसऱ्याने जोडसाहित्य धरलेलेच नाही. आता कोण स्वस्त, हे मी सभासदांना कोणत्या तोंडाने सांगू?

त्यातल्या एकाने रात्री फोन करून सांगितले, “साहेब, बाकीच्यांनी किती लावलेत तेवढं सांगा, त्यात हजार कमी करतो.” मी फोन ठेवला. एकाचा दर दुसऱ्याला फोडायचा असेल तर पाकीट बंद करून कशाला मागवायचे? प्लास्टरविषयी एकाने विचारले तेव्हा मी त्याचे उत्तरसुद्धा तिघांनाही लेखी कळवले होते.

“एवढे कागद कशाला, ओळखीचा माणूस बोलवा,” असे सांगणाऱ्या सभासदांचाही मला राग येतो. गेल्या वर्षी ओळखीचाच माणूस आला होता. त्याने संपात पाणी असतानाच वरून ब्लीचिंग पावडर टाकली आणि पैसे घेऊन गेला. महिन्याभरात नळाला गढूळ पाणी आले, तेव्हा पाणी उपसून मी स्वतः पाहिले: फूटव्हॉल्व्हभोवती चार बोटे जाडीचा काळा गाळ तसाच होता. म्हणून यंदा पत्रात कामाचा क्रमच लिहिला: पाणी उपसणे, पंपाने गाळ काढणे, भिंती घासून प्रेशरने धुणे, ते पाणी बाहेर टाकणे आणि मग क्लोरीनने निर्जंतुक करणे. आत उतरण्यापूर्वी झाकणे उघडून ब्लोअरने हवा सोडायची आणि एक माणूस दोरी धरून वर थांबलाच पाहिजे, हेही लिहिले. पाणी आमच्याकडे रोज येत नाही, त्यामुळे काम पाळीच्या आदल्या दिवशीच, संप तळाला गेल्यावर करायचे. नाहीतर भरलेला संप गटारात सोडावा लागतो आणि टँकर सभासदांच्या माथी बसतो. या अटींबद्दल तिघांपैकी एकानेही एक ओळ लिहिलेली नाही.

तिन्ही कोटेशने मी परत पाठवली आहेत. सोबत छापील तक्ता जोडला आहे आणि त्यात मीटर, बी क्लास व जीएसटीचे रकाने आधीच आखले आहेत. त्यांनी फक्त आकडे भरायचे. पाकिटे रविवारी सकाळी ११ वाजता समितीसमोर उघडतील आणि तक्ता न भरलेले पाकीट बाजूला ठेवले जाईल, मग ते कोणाच्याही ओळखीचे असो.