त्या ‘तरी’ला उत्तर

“मुलगी व्हीलचेअरवर, तरी त्यानं तिच्याशी लग्न केलं! रूप नाही, शरीरसुख नाही, मूलबाळ नाही, तरी जन्मभर सेवा करायला तयार झाला. याला म्हणतात निःस्वार्थ प्रेम. अशा देवमाणसाला एक सलाम तर बनतोच!”

गेल्या महिन्यात हा मजकूर माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला. चौथ्यांदा मावशीनं खास मला पाठवला, खाली ‘तुमची दोघांची आठवण आली’ असं लिहून. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी दुचाकीच्या अपघातात माझा मणका मोडला, आणि लग्नाला आता नऊ वर्षं झाली. दुखापत टी-टेनची, म्हणजे छातीच्या दहाव्या मणक्याजवळची, आणि संपूर्ण. साधारण बेंबीच्या खाली मला स्पर्श कळत नाही, पाय हलत नाहीत, लघवी लागल्याचं समजत नाही. तेव्हा या विषयावर मी बोललं तर चालेल.

रूपापासून सुरू करते. अपघातानंतरची पहिली दोन वर्षं मी गाऊनवर काढली. आईला घालायला-काढायला सोपं जायचं हे खरं, पण घरात कुणाच्या डोक्यातच नव्हतं की आता हिच्याकडे कुणी बघणार आहे. माझ्याही नव्हतं. गाऊन सुटला तो गल्लीतल्या शिंपीकाकांमुळे. त्यांनी पहिल्यांदा माझी मापं बसलेल्या स्थितीत घेतली. उभ्या माणसाचा कपडा खुर्चीत बसल्यावर बेढब दिसतो, त्यात शरीराचा दोष नसतो. बसल्यावर पँट मागून खाली सरकते आणि पुढे पोटावर गोळा होते, म्हणून काकांनी मागची बाजू दोन इंच उंच केली, पुढची उतरवली. मागचे खिसे काढून टाकले. जीन्सचं एखादं धातूचं बटण किंवा जाड शिवण बुडाखाली आली तर मला टोचत नाही, आणि न टोचणारी वस्तू एका संध्याकाळीत कातडी लाल करते. तो लालपणा भार काढल्यावरही अर्ध्या तासात गेला नाही तर जखमेची सुरुवात समजायची आणि तिथला भार पूर्ण बंद करायचा. ओढणी चाकात अडकून गळ्याला फास बसतो, ती मी सोडूनच दिली. साडी मात्र सोडली नाही. निऱ्या शिवून घेतल्या, पदर आखूड ठेवून खांद्यावर पिन केला. पायातली चप्पल पडली तरी कळत नाही, म्हणून मागे पट्टा असलेली सँडल.

असे कपडे अंगावर आल्यावर ऑफिसात लोक पुन्हा माझ्या चेहऱ्याकडे बघून बोलू लागले. नवऱ्याला एकदा विचारलं होतं, तुला आधी काय दिसलं? म्हणाला, पार्किंगमधल्या माणसाशी तुझं चाललेलं भांडण, आणि मग खांदे. रोज चाकं ढकलून झालेले खांदे आहेत ते. खुर्ची नसती तर असते की नाही कुणास ठाऊक.

आता शरीरसुख. इथे जरा थांबते, कारण मजकूर लिहिणाऱ्यानं सर्वांत ठामपणे जे लिहिलं त्यातलंच त्याला सर्वांत कमी माहीत आहे.

मणक्याची दुखापत म्हणजे मेंदू आणि खालचं शरीर यांच्यामधली तार तुटणं. पण लैंगिक प्रतिसादाला दोन वाटा असतात. मनात आलं, काही पाहिलं-ऐकलं, त्यातून येणारा प्रतिसाद छातीच्या शेवटच्या आणि कमरेच्या वरच्या भागातल्या केंद्रांतून जातो. प्रत्यक्ष स्पर्शानं येणारा प्रतिसाद मणक्याच्या अगदी तळाशी, त्रिकास्थीजवळच्या केंद्रातून होतो आणि त्याला मेंदूची परवानगी लागत नाही. माझी तार वर तुटली आहे, तळाचं केंद्र शाबूत आहे. म्हणून नुसत्या कल्पनेनं माझ्या शरीरात खाली फारसं काही होत नाही, पण स्पर्शानं ओलावा येतो, मला तो स्पर्श कळत नसला तरी. पुरुषांचं गणितही हेच. मानेजवळ दुखापत झालेल्या अनेकांना स्पर्शानं ताठरता येते, फक्त ती टिकेलच असं नाही. तिथे सिल्डेनाफिलसारखी गोळी बऱ्याच जणांना उपयोगी पडते, पण डॉक्टरांना विचारूनच, कारण छातीदुखीवरच्या नायट्रेटच्या औषधासोबत ती घेतली तर रक्तदाब धोकादायक उतरतो. तळाचं केंद्रच दुखावलं असेल तर स्पर्शाची वाट बंद होते आणि प्रश्न वेगळा होतो. म्हणजे ‘व्हीलचेअर’ या एका शब्दावरून बिछान्याबद्दल काहीच सांगता येत नाही.

आणि सुख? जिथे स्पर्श संपतो त्या रेषेवरची कातडी अनेकांमध्ये जास्त संवेदनशील होते. माझ्याबाबतीत बरगड्यांखालचा एक पट्टा, मान आणि कान. हा नकाशा कुणी हातात देत नाही, बोटानं, पिसानं, बर्फाच्या तुकड्यानं शोधावा लागतो. आम्ही तो लग्नाआधी शोधला होता, हे मावशीनं वाचू नये. अमेरिकेत बॅरी कोमिसारुक आणि बेव्हर्ली व्हिपल यांनी संपूर्ण दुखापत असलेल्या स्त्रियांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली, तो अभ्यास २००४ साली छापून आला. काहींना गर्भाशयमुखाच्या उत्तेजनानं ऑर्गॅझम आला, आणि संशोधकांच्या मते तो संदेश मज्जारज्जू टाळून व्हेगस नावाच्या नसेवरून थेट मेंदूत गेला असावा. सगळ्यांना असं जमतं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या एका प्रयोगात दुखापत झालेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून कमी जणी तिथवर पोचल्या, आणि वेळही जास्त लागला. हरवलेलं हरवलेलंच आहे, त्याचं मला दुःखही झालं. पण ‘कमी’ आणि ‘नाही’ यांत संसार मावतो.

व्यवहारात याचा अर्थ थोडी तयारी. आधी दोन तास पाणी कमी, मग कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं करायचं. पोट साफ करण्याचं वेळापत्रक सांभाळायचं. पलंगावर जुना टॉवेल. कूस बदलताना पाय त्यानं उचलायचे की मी, हे बोलून ठरवायचं, नाहीतर पाय झटका देऊन आखडतात आणि दोघंही हसत बसतो. ज्यांची दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वरची आहे त्यांनी एक गोष्ट जोडीदाराला आधीच सांगून ठेवावी. संबंधांच्या वेळी अचानक डोकं ठणकू लागलं, चेहरा लाल झाला, वरच्या अंगाला घाम फुटला, तर रक्तदाब झपाट्यानं चढतोय. लगेच थांबून उठून बसायचं, घट्ट कपडे सैल करायचे, मूत्राशय भरलंय का पाहायचं. उतरलं नाही तर दवाखाना गाठायचा. पुनर्वसनाच्या पाच महिन्यांत मला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून गाडीत जायला शिकवलं, हे मात्र एकानंही शिकवलं नाही. मी विचारलं तेव्हा एका डॉक्टरांनी आईकडे बघून सांगितलं, “आता या गोष्टी कशाला?” मी तेव्हा चोवीस वर्षांची होते.

मूलबाळ. आमची मुलगी सहा वर्षांची आहे, इथेच हा मुद्दा संपला असता. तरी सांगते. दुखापतीनंतर अनेकींची पाळी काही महिने थांबते, मग येते, आणि बीजधारणा पूर्वीसारखीच होते. त्यामुळे गर्भनिरोधनाचा विचारही करावाच लागतो. फक्त गोळ्या घेताना पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका डॉक्टरांशी बोलून घ्यावा. माझ्या पातळीच्या दुखापतीत कळा कळतीलच असं नसतं, म्हणून शेवटच्या महिन्यांत पोटावर हात ठेवून ते थांबून थांबून कडक होतंय का हे बघायला शिकले. लघवीचे संसर्ग वारंवार झाले, वजन वाढल्यावर खुर्चीतून पलंगावर जाणं अवघड झालं. बाळंतपण नैसर्गिक झालं. सासरच्या एका काकूंना मात्र वेगळीच काळजी होती, मूलही ‘तसंच’ होईल का. अपघात आनुवंशिक नसतो, पोलिओही नाही. काही अपंगत्वं असतात, तिथे जनुकीय सल्ला घ्यावा. पण या काकूंनी स्वतःच्या मुलाला मामाची मुलगी केली, आणि आनुवंशिक आजारांचा खरा प्रश्न तिथे होता. तो कुणी विचारला नाही.

राहिली सेवा आणि देवमाणूस. नवरा माझी खुर्ची गाडीच्या डिकीत टाकतो, माळ्यावरचे डबे काढतो. कॅथेटर, आंघोळ, कपडे माझं मी करते. त्याचं इन्कम टॅक्सचं रिटर्न, त्याच्या आईच्या गोळ्यांचं वेळापत्रक आणि मुलीचा अभ्यास माझ्याकडे. ज्यांना जास्त मदत लागते त्यांच्याही घरी देणं-घेणं दोन्हीकडून चालतं, फक्त बाहेरच्याला एकच बाजू दिसते.

हे डोळे सरकारचेही आहेत. २०१४ पासूनच्या राज्याच्या योजनेत अपंगत्व नसलेल्या व्यक्तीनं किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या व्यक्तीशी लग्न केलं तर ५० हजारांचं ‘प्रोत्साहन’ ठेवलं: २५ हजारांची बचत प्रमाणपत्रं, २० हजार रोख, साडेचार हजारांच्या संसारोपयोगी वस्तू आणि स्वागत समारंभाला ५०० रुपये. दोघंही अपंग असतील तर त्या मूळ योजनेत काही नव्हतं, खरं तर खर्च त्यांचाच दुप्पट. पैसे खुर्चीच्या टायरना, रॅम्पला, रुंद दाराला द्या की. लग्नाला कशाला?

त्या रॅम्पची गोष्ट मुंबईत सगळ्यांनी पाहिली. विराली मोदी २०१४ सालच्या मिस व्हीलचेअर इंडिया स्पर्धेत उपविजेती होती, रेल्वे अपंगांसाठी सुलभ व्हावी म्हणून तिनं मोहीम चालवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात लग्नाला गेली. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सह्या घ्यायला खाली कुणी आलं नाही. नवरीला उचलून जिना चढवावा लागला. तिनं हे जाहीर लिहिलं तेव्हा उपमुख्यमंत्र्यांना माफी मागावी लागली. त्या दिवशी नवरदेव होता, नवरी होती, दोघांची इच्छा होती. कमी होती ती लिफ्ट.

आमची नोंदणी तळमजल्यावर झाली, त्या बाबतीत नशीबवान. टेबलामागच्या गृहस्थांनी कागद बघितले, माझ्याकडे बघितलं आणि नवऱ्याला विचारलं, “नीट विचार केलाय ना?” तो हो म्हणाला. मला कुणी विचारलं नाही. त्याआधी मी दोन स्थळं नाकारली होती. त्यातलं एक सत्तेचाळीस वर्षांचं बिजवर होतं, आणि ‘तुझ्यासारखीला आणखी काय हवं’ हे मावशीनंच ऐकवलं होतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं की हा घोरतो, आमटीत मीठ विसरतो आणि पत्ता चुकला तरी कुणाला विचारत नाही. तरी मी त्याच्याशी लग्न केलं.