बटाटा, पेरॉक्साइड आणि पाण्यावर चालणारा टेम्पो

«उत्प्रेरक म्हणजे अभिक्रियेला ऊर्जा देणारा पदार्थ. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बटाट्याचा तुकडा टाका, लगेच ऑक्सिजन सुटतो. तसंच पाण्यात आमची नॅनो-उत्प्रेरक पावडर टाकली की हायड्रोजन सुटतो आणि डिझेल निम्मं लागतं. खत कारखानेसुद्धा उत्प्रेरकाच्या जोरावर हवेतून हवं तेवढं खत काढतात. उत्प्रेरक स्वतः अभिक्रियेत भाग घेत नाही, म्हणून पावडर आयुष्यभर संपत नाही. किट आजच बुक करा!»

हा मेसेज माझ्या धाकट्या भावाने पाठवला. तो टेम्पो चालवतो, महिन्याच्या डिझेलचा आकडा त्याला तोंडपाठ असतो. खाली एकच ओळ होती: "दादा, ॲडव्हान्स भरू का?" मी २२ वर्षं अमोनिया प्लांटमध्ये शिफ्ट केली आहे, म्हणून त्याने मला विचारलं. ज्यांना विचारायला कोणी नाही ते सरळ पैसे भरत असणार, आणि माझा संताप त्यामुळेच आहे.

बटाट्यापासूनच सुरू करतो, कारण त्यातला प्रयोग खरा आहे आणि म्हणूनच तो माणसाला फसवतो. मेडिकलमध्ये मिळणारं ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड पेल्यात घ्या आणि सोललेल्या कच्च्या बटाट्याची चकती त्यात सोडा. काही क्षणांत चकतीच्या कडेने पांढरा फेस चढू लागतो. पेला हातात धरला तर कोमट लागतो. त्या पेल्यातलं सगळं पेरॉक्साइड झटक्यात फुटलं, तर द्रावण सुमारे २० अंशांनी तापेल इतकी उष्णता त्यात असते. ही उष्णता बटाट्याची नाही. पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होताना दर मोलमागे ९८ किलोज्यूल बाहेर पडतात. ती पेरॉक्साइडमध्ये आधीपासूनच होती.

मग तेच पेरॉक्साइड मेडिकलच्या फळीवर महिनोन्‌महिने शांत का राहतं? वाटेत चढ आहे म्हणून. बारावीच्या पुस्तकातली ऊर्जा-आलेखाची आकृती आठवा. डावीकडे अभिक्रियाकारकांची पातळी, उजवीकडे उत्पादितांची, आणि मधे डोंगर. डाव्या पातळीपासून शिखरापर्यंतची उंची म्हणजे सक्रियण ऊर्जा. पेरॉक्साइडला एकट्याने हा चढ सुमारे ७५ किलोज्यूलचा पडतो. थोडं आयोडाइड टाकलं तर वेगळी वाट उघडते आणि चढ ५८च्या आसपास येतो. फरक फक्त १७चा, पण चढ ओलांडू शकणाऱ्या रेणूंचं प्रमाण घातांकाने बदलतं. खोलीच्या तापमानाला गणित केलं तर वेग जवळजवळ हजारपट होतो. बटाट्यातलं कॅटालेज हे विकर तर याहून सोपी वाट काढतं. कोणीही कोणाला ऊर्जा दिलेली नाही, चढ तेवढा कमी झाला. ऊर्जेचा मुद्दा इथेच संपला.

आता तीच चकती साध्या पाण्यात टाका. रात्रभर ठेवा. काही होणार नाही, आणि जगातली कोणतीही पावडर टाकली तरी नुसत्या उत्प्रेरकाने काही होणार नाही. पाण्याची आकृती उलटी आहे. डावीकडे पाणी खाली आणि उजवीकडे हायड्रोजन-ऑक्सिजन वर, मधलं अंतर दर मोलला २८६ किलोज्यूल. १ मोल पाणी म्हणजे जेमतेम १८ ग्रॅम, एखादा मोठा घोट. उत्प्रेरक फक्त मधल्या डोंगराला हात लावतो, दोन्ही टोकांच्या पातळ्यांना नाही. भावाला मी डिलिव्हरी चलानच्या पाठीमागे काढून दाखवलं: कोकणातून देशावर जायला घाटाऐवजी बोगदा पाडला तर शिखरापर्यंतची चढण वाचेल. पण बोगदे कितीही पाडा, कोकण खालीच राहणार आणि देश वरच. पेरॉक्साइड देशावरून कोकणात उतरतं, पाण्याला मात्र कोकणातून वर चढायचं आहे. बटाट्याचा दाखला देऊन पाण्याचा माल विकणं ही उघड फसवणूक आहे.

ही २८६ किलोज्यूल येणार कुठून? किटमध्ये बॅटरीकडून दोन वायरी येतात, तिथून. बॅटरी अल्टरनेटर भरतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं आणि इंजिनाला डिझेल लागतं. हा हिशेब मी भावासमोर मांडला. डिझेल इंजिन फार तर ३५ टक्के उष्णतेचं काम करून देतं असं धरू, म्हणजे १०० भाग डिझेलमधून ३५ भाग काम मिळालं. ते सगळं अल्टरनेटरला दिलं तर वीज होते २०च्या आसपास. साध्या डब्यात ती पाण्यावर घातली तर हायड्रोजनच्या रूपात हाती येतात साधारण १२. तो हायड्रोजन त्याच इंजिनात जाळला की काम मिळतं ४. चाकांना जाणारे ३५ काढून घेतले आणि ४ परत दिले. निम्मं डिझेल वाचण्याचं सोडा, प्रत्येक फेरीला तोटाच.

एक गोष्ट मान्य करतो, मनाविरुद्ध. पाण्याच्या विद्युत अपघटनात उत्प्रेरकाला खरंच काम असतं. हिशेबाप्रमाणे खोलीच्या तापमानाला १.२३ व्होल्ट पुरायला हवेत, पण प्रत्यक्षात चांगल्या यंत्रांनाही १.८ ते २ व्होल्ट द्यावे लागतात. वरचा बराचसा भाग इलेक्ट्रोडवरचा चढ ओलांडण्यात जातो, आणि प्लॅटिनम, इरिडियमचे लेप तो कमी करतात. पण १.२३ ही दोन पातळ्यांमधली उंची आहे. तिच्याखाली कोणताही लेप जाऊ शकत नाही.

शिवाय अशा किटमधली 'पावडर' सहसा कॉस्टिक पोटॅश किंवा खाण्याचा सोडा असते. तिने पाण्यातून वीज नीट वाहते, एवढंच. ती विद्युत अपघट्य आहे, उत्प्रेरक नाही. कॉस्टिक पोटॅशचं गरम पाणी डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो. आणि त्या डब्यात हायड्रोजन व ऑक्सिजन दोनास एक या प्रमाणात, एकाच नळीत एकत्र जमतात. एका ठिणगीसरशी स्फोट होईल असं हे मिश्रण इंजिनाच्या शेजारी ठेवायचं म्हणे. माझा भाऊ दिवसाचे दहा तास त्या इंजिनाजवळ बसतो.

आता खत कारखान्याबद्दल, कारण माझं आयुष्य तिथे गेलं. उत्प्रेरकाने हवं तेवढं उत्पादन मिळत असतं, तर हाबरची अमोनिया बनवण्याची पद्धत कारखान्यात उतरवताना कार्ल बॉशला शेकडो वातावरणांचा दाब सोसणारी पोलादी पात्रं घडवावी लागली नसती. नायट्रोजन आणि हायड्रोजनचं अमोनिया होणं ही उताराची अभिक्रिया आहे, पण ती दोन्ही बाजूंनी चालते. उत्प्रेरक चढ कमी करतो तो जातानाचा आणि येतानाचाही. लोखंडावर अमोनिया जसा बनतो, तसाच तो लोखंडावर फुटतोही. त्यामुळे समतोल जिथे आहे तिथेच राहतो, फक्त आपण तिथे लवकर पोचतो. २०० वातावरण दाबाला ५०० अंशांवर समतोलाला अमोनिया १८ टक्क्यांच्या आसपास, ४०० अंशांवर त्याच्या साधारण दुप्पट. प्रत्यक्षात अमोनिया जिथे बनतो त्या कन्व्हर्टरमधून एका फेरीत १५ टक्क्यांच्या आसपास वायूचं रूपांतर होतं. अमोनिया थंड करून काढून घेतात आणि उरलेला वायू पुन्हा फिरवतात.

यात अर्धं सत्य आहे तेही सांगतो. चांगला उत्प्रेरक कमी तापमानालाही काम करतो, आणि कमी तापमानाला समतोल आपल्या बाजूने असतो. तेव्हा उत्पादन वाढतं, पण आडवाटेने. समतोल तापमानाने हलवला, उत्प्रेरकाने नाही.

'भाग घेत नाही' हे वाक्य मात्र काही गाइडांमध्येही दिसतं, म्हणून त्यावर थांबतो. गेरहार्ड एर्ट्ल यांना २००७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते पृष्ठभागावरच्या अशाच प्रक्रियांच्या अभ्यासासाठी. लोखंडावर अमोनिया कसा बनतो याचा त्यांचा ऊर्जा-आलेख मी आमच्या प्रत्येक नव्या ट्रेनीला दाखवत असे. लोखंडाविना, वायूतच नायट्रोजन आणि हायड्रोजनचे बंध तोडून सुटे अणू करायचे म्हटलं तर अमोनियाच्या दर मोलला सुमारे ११३० किलोज्यूलचा कडा चढावा लागतो. लोखंडावर तेच अणू पृष्ठभागाला बांधले जातात आणि पातळी सुरुवातीपेक्षाही २५९ किलोज्यूल खाली जाते. तिथून एकेक हायड्रोजन नायट्रोजनला जोडला जातो, पायरी पायरीने वर येत अमोनिया सुटतो. म्हणजे उत्प्रेरित वाटेवर एक बुटका डोंगर नसतो, अनेक लहान चढ आणि मधे खोलगट दऱ्या असतात. लोखंड नायट्रोजनला धरतं, तोडतं आणि सोडतं. भाग घेतं म्हणून तर काम होतं. धातूने नायट्रोजनला फारच घट्ट धरलं तर दरी इतकी खोल होते की तो तिथेच अडकतो. फार सैल धरलं तर बंध तुटतच नाही.

आणि भाग घेतो म्हणूनच तो बिघडतो. लोखंडाचा उत्प्रेरक चांगला सांभाळला तर दहा वर्षंही टिकतो, पण गंधक त्याला कायमचं मारतं. कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्याची वाफ यांतला ऑक्सिजन लोखंडाच्या कामाच्या जागा अडवतो. मी काम केलेल्या एका कारखान्यात एका रात्री वायूतला कार्बन मोनॉक्साइड काढून टाकणारा मिथेनेटर गडबडला आणि कार्बन मोनॉक्साइड पुढे सरकला. पॅनेलवर काय दिसलं? कन्व्हर्टरच्या थरांत वरून खाली तापमान मोजणारे थर्मोकपल बसवलेले असतात. एरवी वायू पहिल्या थरात शिरताच तापमान झपाट्याने चढतं, कारण अभिक्रिया उष्णता सोडते. त्या रात्री वरचे आकडे पडू लागले आणि सगळ्यात गरम जागा हळूहळू खाली सरकली. वरचा उत्प्रेरक गप्प झाला होता, काम खालच्यावर आलं होतं. शुद्ध वायू पुन्हा सुरू केल्यावर वरचा थर बराचसा सावरला, पण पूर्वीसारखा पूर्ण नाही. आयुष्यभर न संपणारी पावडर विकणाऱ्याला असा एक लॉगशीट दाखवावासा वाटतो.

भावाला मी शेवटी एवढंच सांगितलं: किटवाल्याला फोन कर आणि बॅटरीची वायर काढून बुडबुडे दाखव म्हणावं. पावडरच पाणी फोडत असेल तर वायरीचं काम काय? त्याने माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला. पलीकडचा म्हणाला, वायरीशिवाय पावडर 'ॲक्टिव्हेट' होत नाही. भावाने फोन ठेवला आणि चलान घडी घालून खिशात टाकलं. ॲडव्हान्स भरलेला नाही.