पोस्टाचे चार टक्के आणि बँकेचे ‘दरमहा’ अडीच टक्के

“पोस्टातलं बचत खातं बंद करा. पोस्ट वर्षातून एकदाच व्याज देतं, बँक दर महिन्याला देते. बारा वेळा व्याजावर व्याज लागतं, म्हणून बँकेचे अडीच टक्के पोस्टाच्या चार टक्क्यांना भारी पडतात. दर बघू नका, व्याज किती वेळा जमा होतं ते बघा.”

हा मेसेज नागपुरात निवृत्त मंडळींच्या ग्रुपांत जोरात फिरतो आहे. धरमपेठेतल्या एका काकूंनी तो वाचून सिव्हिल लाइन्सच्या जीपीओतलं खातं बंद करायचा फॉर्मही आणला. तो भरण्याआधी हिशेब बघावा.

पोस्ट वर्षातून एकदाच व्याज देतं, हे खरं आहे. पोस्टाच्या बचत खात्याचा दर ४ टक्के आहे आणि व्याज आर्थिक वर्ष संपताना जमा होतं. दर महिन्याला व्याज जमा करणाऱ्या बँकाही आहेत, पण सगळ्या नाहीत. रिझर्व्ह बँकेचं बंधन निदान तिमाहीला जमा करण्याचं आहे, आणि बऱ्याच बँका तिमाहीलाच करतात. म्हणजे आपल्या बँकेचं पासबुक आधी उघडून बघायला हवं.

आता बारा वेळा व्याजावर व्याज. खात्यात १ लाख रुपये वर्षभर पडून आहेत असं धरू. अडीच टक्क्याने पहिल्या महिन्याचं व्याज २०८ रुपये ३३ पैसे. दुसऱ्या महिन्यात त्या २०८ रुपयांवर व्याज मिळतं खरं, पण ते फक्त ४३ पैसे. असं वाढत वाढत बाराव्या महिन्याचं व्याज २१३ रुपये १६ पैशांवर पोचतं. वर्षाची बेरीज २,५२९ रुपये. एकदाच जमा केलं असतं तर २,५०० मिळाले असते. बारा हप्त्यांची सगळी कमाई २९ रुपये. बँकेने रोज रात्री व्याज जमा केलं तरी आकडा २,५३१ च्या आसपासच थांबतो. पोस्टाचे मात्र सरळ ४,००० रुपये.

बँक जाहिरातीत लिहिते तो नाममात्र दर, इथे २.५ टक्के. वर्षाअखेर हातात पडतो तो प्रभावी दर, इथे २.५३ टक्के. पोस्टाचं व्याज वर्षातून एकदाच जमा होतं, म्हणून तिथे दोन्ही ४ टक्केच. तुलना प्रभावी दरांचीच करायची. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दर १२०० ने भागा, त्यात १ मिळवा, आलेल्या संख्येचा बारावा घात काढा, त्यातून १ वजा करा आणि शेवटी १०० ने गुणा, की प्रभावी दर टक्क्यांत मिळतो. उलट हिशेब केला तर दरमहा व्याज देणाऱ्या बँकेने पोस्टाची बरोबरी करायला निदान ३.९३ टक्के द्यायला हवेत. त्याच्यावर देणारी बँक सापडली तर जरूर विचार करा, फक्त तो दर पहिल्या रुपयापासून आहे की काही लाखांच्या वरच्या रकमेलाच, हे काउंटरवर विचारून घ्या.

आणखी एक. महिन्याचं व्याज आलं की काढून किराण्याला वापरलं, तर व्याजावर व्याज उरतच नाही. ते २९ रुपयेही गेले.

“दर बघू नका” हा सल्ला तर चुकीचाच, पण पोस्टात एक गोष्ट दराइतकीच बघावी लागते आणि तिचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. बँक रोजच्या शिलकीवर व्याज मोजते. पोस्ट दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतं. समजा, त्या १ लाखातले ४० हजार तुम्ही एप्रिलच्या २५ तारखेला काढले आणि ३ मेला परत भरले. पोस्ट एप्रिलचं व्याज ६० हजारांवरच देणार, म्हणजे १३३ रुपयांचा फटका. तोच ४ टक्के दर देणाऱ्या बँकेत फक्त आठ दिवसांचं व्याज गेलं असतं, सुमारे ३५ रुपये. आणि ४ टक्क्यांवर व्याज दरमहा जमा होण्याचा वर्षभराचा फायदा किती? ७४ रुपये. पैसे काढायची एक तारीख चुकली तर त्यापेक्षा जास्त जातं.

म्हणून काकूंना मी सांगितलं, की जी रक्कम हलत नाही ती पोस्टातच राहू द्या, भर घालायची ती दहा तारखेच्या आत घाला, आणि पैसे काढायचेच असतील तर शक्यतो महिना उलटल्यावर, पुढच्या एक तारखेला काढा आणि जमलं तर दहाच्या आत परत भरा. वीजबिल, औषधं, दूधवाला यांचे पैसे बँकेत असू द्या. तिथे रोज शिल्लक खालीवर होते, आणि त्या येण्या-जाण्याला रोजच्या शिलकीचा हिशेबच बरा.